देवरूखचं दुसरं पान

मी काय काम करते हे सांगायला लागले की लोकांची नजर भिरभिरायला लागते. आई शेजारणींना "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगून मोकळी होते, आणि खरं म्हणजे तेवढं पुरतं. पण ज्या महिन्याबद्दल लिहायचंय तो कळायचा तर थोडं जास्त सांगावं लागेल.

रत्नागिरीतल्या एका धर्मादाय संस्थेच्या कार्यालयात मी आकडेवारी सांभाळते. संस्थेचे तीन फिरते दवाखाने आहेत, म्हणजे औषधं आणि तपासणीचं सामान भरलेल्या तीन गाड्या. एक राजापूरच्या बाजूला फिरते, एक सावर्ड्याच्या, आणि एक देवरूखहून वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर जायची. 'जायची' असं लिहावं लागतंय, यातच पुढचं सगळं आलं. प्रत्येक गाडीवरची सिस्टर त्या दिवशी किती माणसं तपासली, कोणाला काय दिलं आणि काही सांगायचं असेल तर शेरा, हे टॅबलेटवर भरते आणि ते माझ्या डॅशबोर्डवर येतं. पडद्यावर तो फार देखणा दिसतो. वर टॅब आहेत, रंगीत आलेख आहेत, एखाद्या गावावर बोट ठेवलं की त्या गावाचे आकडे पुढे येतात.

पण आमचे विश्वस्त पडदा बघत नाहीत. दर महिन्याच्या सभेला त्यांना हातात कागद लागतो. मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशेब, आलेली पत्रं आणि माझा अहवाल, असं सगळं एकत्र शिवलेली फाईल प्रत्येकाच्या पुढ्यात हवी. पेनानं त्यावर खुणा करता आल्या पाहिजेत. अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत, स्वभावानं गोड माणूस, पण मोबाईलवर पीडीएफ उघडायला सांगितलं की चेहरा असा करतात की जणू कडू काढा पुढे केलाय.

तेव्हा डॅशबोर्डची पीडीएफ करणं आणि ती कागदावर शहाण्यासारखी उतरवणं हे माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीला मी सरळ 'पीडीएफमध्ये काढा' हे बटण दाबलं आणि फसले. डॅशबोर्डच्या एकेका टॅबचं एकेक पान झालं खरं, पण पडद्यावर जी यादी बोटानं खाली सरकवत बघायची, तिचा पडद्यावर दिसणारा तेवढाच तुकडा कागदावर आला. बाकीची गावं गायब. कागद काही सरकवता येत नाही. राजापूरचे एक विश्वस्त तेव्हा सभेतून बाहेर येऊन म्हणाले होते, "आमच्याकडली निम्मी गावं समुद्रात गेली वाटतं." सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाऊन चिडचिड केली.

मग मी त्याच आकड्यांवरून छपाईसाठी वेगळा अहवाल बांधला. त्यात पानाचं माप आधी ठरवता येतं, यादी लांबली तर ती आपोआप पुढच्या पानावर जाते, वरचा मथळा प्रत्येक पानावर पुन्हा येतो, आणि प्रत्येक गाडीचा भाग नव्या पानावर सुरू करता येतो. आता सगळी गावं दिसायला लागली. पण नवीच पीडा मागे लागली. दर पानानंतर एक कोरं पान निघायचं. अगदी कोरं नव्हे, वर संस्थेचं नाव आणि अहवालाचा मथळा, खाली काही नाही. का ते मला कळेना. महिन्यामागून महिने ती पानं येत राहिली.

ती पानं काढून टाकायचं काम काकूंनी आपल्याकडे घेतलं. काकू म्हणजे आमच्या कार्यालयातल्या सगळ्यांत जुन्या कर्मचारी. सभेची फाईल त्याच लावायच्या. माझी छापील प्रत हातात घ्यायच्या, खालच्या कोपऱ्याला अंगठा लावून फरफर चाळायच्या आणि जिथे खाली पांढरं दिसेल ते पान ओढून पाठकोऱ्या कागदांच्या ट्रेमध्ये टाकायच्या. मग बाकीचे कागद क्रमानं लावून, प्रत्येक पानावर नंबर मारायच्या शिक्क्यानं आकडा उमटवून, त्या एका गठ्ठ्याच्या सगळ्यांसाठी झेरॉक्स काढायच्या. फाईलमध्ये दहा ठिकाणचे कागद येतात, म्हणून पानाचे आकडे त्यांचेच. माझ्या अहवालावर आधी मी पानांचे आकडे घालत असे, तर अध्यक्ष म्हणाले, दोन-दोन आकडे बघून गोंधळ होतो. मी माझे काढून टाकले.

"किती गो ही कोरी पानं," काकू म्हणायच्या. "तुझा कॉम्प्युटर श्वास घ्यायला थांबतो काय मधे मधे?"

त्या चेष्टेनं मी आणखी इरेला पेटले आणि शेवटी कारण शोधलं. कारण ऐकलं तर हसू येईल. माझ्या तक्त्याची रुंदी आणि दोन्ही बाजूंचा समास मिळून कागदापेक्षा जरासं जास्त भरत होतं, बोटाच्या पेराहूनही कमी. तेवढा उरलेला काठ बिचारा दर वेळी स्वतःसाठी एक अख्खं पान मागत होता, आणि त्या काठात काही नसल्यामुळे पान कोरं. मी रुंदी कमी केली आणि कोरी पानं बंद झाली. त्याच भरात बाकीचंही रूप सुधारलं. जाड रेघा काढल्या, रंग उतरवले, सिस्टरांचे शेरे बारीक, फिकट राखाडी अक्षरांत घेतले, म्हणजे आकडे उठून दिसावेत. कोणत्याही गाडीचा शेरा दोन पानांत अर्धा-अर्धा तुटू नये म्हणून, पानावर मावत नसेल तर तो सबंध उचलून पुढच्या पानावर जावा अशी सोय केली. ते सगळं करताना मला फार बरं वाटत होतं.

"काकू, आता एकही कोरं पान यायचं नाही," मी सांगितलं. "आलं तर मला चहा पाजायला लावा सगळ्यांना." कार्यालयभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

काकू हसल्या. "बरं हो. शहाणी माझी बाय."

त्याच महिन्यात देवरूखच्या गाडीचा प्रश्न सभेपुढे यायचा होता. सावर्ड्याच्या बाजूनं आणखी एका गाडीची मागणी होती आणि नवी गाडी घेणं संस्थेला झेपणारं नव्हतं. तेव्हा जिथे कमी माणसं येतात तिथली गाडी तिकडे वळवायची, असा विचार चालू होता. देवरूखचे आकडे त्या महिन्यात खाली गेले होते. वरच्या तीन वाड्यांकडे जाणारा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, दुरुस्तीसाठी बंद होता आणि गाडी अलीकडेच थांबायची.

देवरूखच्या सिस्टर औषधं न्यायला रत्नागिरीला आल्या तेव्हा माझ्या टेबलापाशी बसल्या. चाळिशीच्या असतील. गाडीवर असताना त्या फार बोलायच्या नाहीत असं त्यांचा ड्रायव्हर सांगायचा, पण त्या दिवशी बोलल्या.

"ताई, आकडा कमी दिसतोय ना आमचा?"

"दिसतोय," मी म्हटलं.

"गाडी साकवापर्यंतच जाते हो. पुढं मी पिशवी घेऊन चालत जाते. म्हातारी माणसं खाली येऊ शकत नाय. त्यांचं बीपी, साखर घरीच तपासते, इंजेक्शन असेल ते घरीच देते. पण गाडीवर आलेली माणसं तेवढीच मोजतो ना आपण. ही कशात धरायची?"

खरं होतं. गाडीवरची तपासणी हाच आकडा डॅशबोर्डवर धरलेला होता, घरी जाऊन तपासलेल्यांना त्यात रकानाच नव्हता. महिना संपत आला होता. आयत्या वेळी नवा रकाना घातला तर मागच्या महिन्यांशी तुलना जुळणार नाही, म्हणून मी त्यांना म्हटलं, "शेऱ्यात लिहा. सगळं सविस्तर लिहा. साकव कधी सुरू होणार तेही लिहा. ते जसंच्या तसं फाईलमध्ये येईल."

त्यांनी तिथेच बसून टॅबलेटवर लिहिलं. एरवी शेऱ्यात 'निरंक' लिहिणारी बाई, तिनं वाड्यांची नावं घातली, घरी जाऊन किती जणांना तपासलं ते घातलं, साकवाचं काम सरत आलंय हे घातलं. शेवटी लिहिलं, 'या लोकांना दुसरी सोय नाही, कृपया गाडी चालू ठेवावी.' लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "एवढं दिसेल ना त्यांना?"

"दिसेल की," मी म्हटलं.

पीडीएफ काढली तेव्हा मी प्रत्येक पान पडद्यावर तपासलं. देवरूखची गावांची यादी पहिल्या पानावर तळापर्यंत भरली होती. शेरा मोठा, तो खाली मावेना, म्हणून मी केलेल्या सोयीप्रमाणे सबंध उचलला जाऊन दुसऱ्या पानावर आला होता. वर मथळा, त्याखाली शेरा, आणि खाली रिकामं. अगदी बरोबर आलं होतं. मी छापायला दिलं आणि चहाला गेले.

सभेत मी बसत नाही. दारं लागतात, आत चहा जातो, आणि दारं उघडली की निर्णय झालेले असतात. त्या दिवशी अध्यक्ष बाहेर आले ते माझ्याकडे बघून म्हणाले, "देवरूखची गाडी सावर्ड्याला द्यायचं ठरलं. वाईट वाटतं, पण तिकडून काही खुलासाच नाही आला. आकडे असे पडल्यावर आम्ही काय धरून बसणार?"

"खुलासा होता की," मी म्हटलं.

"कुठाय गो?" त्यांनी आपली फाईल माझ्यापुढे धरली.

मी पानं उलटली. देवरूखची यादी, पान सात. पुढे सावर्डे, पान आठ. शिक्क्याचे आकडे एकामागून एक नीट उमटलेले. मधे काही सुटलंय असं कोणालाही वाटू नये, मलासुद्धा क्षणभर वाटलं नाही. पीडीएफच चुकीची काढली की काय म्हणून मी जागेवर पळत जाऊन उघडून पाहिली. तिच्यात दुसरं पान होतं.

मग मी काकूंकडे गेले. त्या दोऱ्याचं रीळ गुंडाळत होत्या.

"काकू, माझ्या गठ्ठ्यातलं पान काढलंत का कुठलं?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "एक आलं होतं गो परत कोरं. मी हळूच काढून टाकलं. म्हटलं तुला सांगत नाय. एवढं मन लावून केलंस, सगळ्यांसमोर बोललीस, वाईट वाटलं असतं तुला."

पाठकोऱ्यांच्या ट्रेमध्ये ते पान सगळ्यांत वर होतं. मी हातात घेतलं. छपाईयंत्राची शाई संपत आलेली, त्यात माझी ती सुरेख फिकट राखाडी अक्षरं, इतकी पुसट उमटली होती की खिडकीपाशी नेल्यावरच मला नीट वाचता आली. काकू खालचा कोपरा धरून चाळतात, खालचा दोन तृतीयांश कागद पांढराच होता. शेरा वरच्या भागात, मथळ्याला चिकटून. इतके महिने मी त्यांच्या हातात मथळा आणि पांढरा कागद देत आले होते, त्यांनी तो ओळखायला शिकून घेतला होता.

काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पान माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा कपाळावर ढकलून अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. वाचून झाल्यावर त्या खुर्चीवर बसल्या.

"माझ्यामुळं गेली गो गाडी?"

"नाही हो," मी म्हटलं. "आकडेच कमी होते." ते अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यावर त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं.

मी ते पान घेऊन अध्यक्षांकडे गेले. ते गाडीत बसतच होते. एक पान आमच्याकडून फाईलमध्ये लागलं नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी रस्त्यातच उभं राहून वाचलं, शेवटच्या ओळीशी थांबले, पुन्हा वरून वाचलं. "हे समोर असतं तर..." म्हणाले आणि पान माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "आता ठराव झालाय गो. सावर्ड्याच्या सरपंचांना आत्ताच मी फोनवर शब्द दिला. लोक जमतील, हार घेऊन उभे राहतील. त्यांना कसं नाही म्हणू? पुढं नवी गाडी आली तर पहिली देवरूखला, हे मी लिहून ठेवतो." त्यांनी खरंच लिहून ठेवलं. नवी गाडी अजून आलेली नाही.

त्यांचा मला राग आला होता का, तर आला होता. काकूंचा आला नाही. काकूंनी ते माझ्यावरच्या मायेपोटी केलं होतं आणि मायेवर रागवायचं कसं हे मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांत जास्त चीड त्या राखाडी रंगाची आली. पडद्यावर किती छान दिसत होता.

पुढच्या महिन्याचा अहवाल मी पुन्हा बसून बांधला. शेरे काळ्या ठळक अक्षरांत घेतले आणि यादीच्या खाली न ठेवता प्रत्येक गाडीच्या पहिल्या पानावर सगळ्यांत वर आणले. यादी लांबली तर ती खुशाल पुढे जाऊ दे, शेरा जागचा हलायचा नाही. पानाच्या तळाशी 'इतक्यापैकी इतकं पान' असा आकडा घातला, मग कोणाचा गोंधळ होवो. घरी जाऊन तपासलेल्यांचा रकानाही घातला. पीडीएफ काढली. एकही कोरं पान नव्हतं, एकही ओळ तुटली नव्हती, एकही मथळा पानाच्या तळाशी एकटा लटकत नव्हता. इतकी स्वच्छ पीडीएफ मी तोवर कधी काढली नव्हती. मात्र ज्या गाडीची नोंद असेल तिचंच पान निघतं. राजापूर होतं, सावर्डे होतं. देवरूखचं पान निघालं नाही, कारण त्या महिन्यात देवरूखला गाडीच गेली नव्हती.

काकू आता कोणतंही पान स्वतःहून काढत नाहीत. कुठल्या तरी पत्रामागे चिकटून आलेला, खरोखरच कोरा कागद असला तरी तो घेऊन माझ्याकडे येतात. खिडकीकडे धरतात, पालथा करून बघतात. "हा कोराच आहे ना गो? तू बघ एकदा." मी बघते आणि कोराच आहे म्हणून सांगते. तरी तो त्या लगेच ट्रेमध्ये टाकत नाहीत, दिवसभर आपल्या टेबलावर बाजूला ठेवतात.

सिस्टरांना संस्थेनं सावर्ड्याच्या गाडीवर यायला सांगितलं होतं, पण घर सोडून तिथे राहणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी काम सोडलं. त्यांचा फोन येईल म्हणून मी बरेच दिवस धास्तावलेली होते, तो आला नाही. मीही केला नाही. पुढे एका लग्नाला देवरूखला गेले होते, तेव्हा बाजारात त्या दिसल्या. हातात भाजीची पिशवी. मी नजर चुकवायच्या आत त्याच जवळ आल्या. म्हणाल्या, तिथल्याच एका खासगी दवाखान्यात लागल्यात. साकव कधीच सुरू झाला. सुटीच्या दिवशी वर जाऊन येतात, बीपीचं मशीन स्वतःचं घेतलंय, पण गोळ्या कुठून आणणार, तेवढं नाही जमत. त्यांचं सांगणं सरळ होतं, त्यात तक्रार नव्हती. उलट माझी, आईची, काकूंची चौकशी केली.

मला राहवलं नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी त्यांना सांगितलं की त्यांचा शेरा सभेपुढे गेलाच नाही. पान सुटलं होतं. कसं सुटलं ते सांगितलं नाही.

मला वाटलं आता रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे वाचलंच नाय त्यांनी?"

"नाही."

"मला इतके दिवस वाटत होतं," त्या म्हणाल्या, "की वाचलं आणि तरी बंद केलं." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आहे काय हो ते पान तुमच्याकडं?"

त्या महिन्याची पीडीएफ मोबाईलवर होती. मी त्यांचं पान काढून दिलं. पडद्यावर ते तसंच होतं, वर मथळा, खाली त्यांचा शेरा सबंध, कुठे न तुटता, आणि मग मोकळी जागा. त्यांनी उन्हाला हात आडवा धरून शेवटपर्यंत वाचलं, शेवटची ओळ धरून.

"छान आलंय हो पान," त्या म्हणाल्या आणि मोबाईल मला परत दिला.